दाढेच्या चार फेऱ्या आणि तंबाखूची पुडी

बाळकुम नाक्यावरून जुन्या आग्रा रोडने कशेळीच्या पुलाकडे निघाले, की पूल ओलांडताच भिवंडी तालुक्यातली गोदामे सुरू होतात. त्यांच्या दारात टेम्पोंची रांग असते. माल भरायला कधी तास लागतो, कधी अर्धी रात्र. त्या रिकाम्या वेळात खिशातून पुडी निघते, चुन्याची डबी उघडते, डाव्या तळहातावर अंगठा फिरतो आणि चिमूटभर तंबाखू खालच्या ओठामागे जाते. पुलाच्या अलीकडे बाळकुमच्या जुन्या आगरी-कोळी वस्तीत आणि तिच्या भोवती उभ्या राहिलेल्या टॉवरांत घरकामाला येणाऱ्या अनेक बायकांची सकाळ मिश्रीने सुरू होते.

यांतले बहुतेक जण तंबाखू सोडण्यासाठी म्हणून कुठल्याच डॉक्टरकडे जात नाहीत. मात्र दाढ ठणकू लागली, की दातांच्या दवाखान्यात जावेच लागते. तिथे खुर्चीत बसून तोंड उघडले, की तंबाखू जिथे ठेवली जाते नेमकी तीच जागा डॉक्टरांच्या दिव्याखाली येते.

असे असूनही तंबाखूचा विषय बऱ्याचदा निघत नाही. निघाला तरी ‘तंबाखू बंद करा’ या तीन शब्दांत संपतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते. धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते, तर चघळण्याची किंवा तोंडात लावायची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडची तंबाखू मुख्यतः तोंडातच राहणारी आहे. त्याच पाहणीत देशभरातील धूम्रपान करणाऱ्यांपैकी जे आरोग्यसेवकाकडे गेले होते, त्यांतल्या जवळपास निम्म्यांना ‘सोडा’ असा सल्ला मिळाला होता. तोंडात तंबाखू ठेवणाऱ्यांमध्ये हे प्रमाण एक तृतीयांशाच्याही खाली होते.

याचे कारण दंतवैद्य एका शब्दात देतात, ते म्हणजे वेळ. बाहेर पाच रुग्ण ताटकळलेले असताना समुपदेशन कधी करायचे? पण दातांच्या उपचारात दोन गोष्टी आधीपासूनच असतात. एक म्हणजे मध्ये मध्ये मिळणारी मोकळी मिनिटे आणि दुसरी म्हणजे रुग्णाच्या ठरलेल्या फेऱ्या. तंबाखू सोडवण्याचे काम या दोन्हींत बसवता येते. ते कसे, हे एका उदाहरणातून पाहता येईल.

पहिली फेरी : भूल चढेपर्यंतची पाच मिनिटे

समजा, भिवंडीच्या गोदामांत फेऱ्या मारणारा ४४ वर्षांचा एक टेम्पोचालक उजवीकडची खालची दाढ धरून दवाखान्यात आला. दोन रात्री झोप नाही. एक्स-रे काढला, दाढ आतून किडलेली निघाली, रूट कॅनाल करावे लागणार हे ठरले.

पहिला प्रश्न डॉक्टरांनी विचारण्याची गरज नाही. नाव, वय, मधुमेह, रक्तदाब लिहून घेणारी मदतनीसच त्या ओघात विचारते, ‘‘तंबाखू, मिश्री, गुटखा, मावा, सुपारी, विडी, सिगारेट, यातलं काय घेता? दिवसाला किती वेळा?’’ नावे एकेक करून घेणे महत्त्वाचे असते. ‘व्यसन आहे का?’ या प्रश्नाला जवळपास प्रत्येक जण ‘नाही’ म्हणतो. नुसत्या सुपारीला आणि मिश्रीला तर कुणी व्यसनात धरतच नाही. उत्तर केसपेपरवर वरच्या कोपऱ्यात लिहिले जाते, म्हणजे पुढच्या प्रत्येक फेरीला ते आपोआप समोर येते. याला अर्धे मिनिट लागते.

टेम्पोचालकाचे उत्तर आहे : तंबाखू-चुना, दिवसाला आठ-दहा वेळा.

मग डॉक्टर खालच्या जबड्यात भुलीचे इंजेक्शन देतात. तो भाग पूर्ण बधिर व्हायला पाच मिनिटे तरी जातात आणि ती डॉक्टरांनाही थांबूनच काढावी लागतात. ही आयती मिळालेली वेळ. डॉक्टर रुग्णाच्या हातात आरसा देतात, डावा खालचा ओठ बाजूला ओढतात आणि म्हणतात, ‘‘दादा, हे बघा. तंबाखू इथेच ठेवता ना?’’

ओठ आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत सुमारे दोन सेंटिमीटरचा पांढुरका, सुरकुतलेला चट्टा आहे. बाजूची कातडी गुलाबी आणि गुळगुळीत आहे. रुग्णाने ही जागा आजवर कधी पाहिलेली नसते. डॉक्टर बोटाने दाबून पाहतात. चट्टा कडक नाही, त्यात लाल ठिपके नाहीत, जखम नाही. त्यांचा सल्ला दोन वाक्यांचा असतो : ‘‘हा आज कॅन्सर नाही, पण तंबाखूने कातडी बदलायला लागली आहे. तुम्ही आता थांबलात तर असा चट्टा बऱ्याचदा काही आठवड्यांत उतरतो, म्हणून माझा सल्ला आहे की तंबाखू पूर्ण सोडा.’’

हा सल्ला परिणाम करतो तो तीन कारणांनी. तो स्पष्ट आहे, त्यात ‘जरा कमी करा’ असे नाही. तो याच माणसाच्या तोंडाविषयी आहे, भिंतीवरच्या पोस्टरविषयी नाही. आणि त्यात भीतीबरोबर वाटही दाखवलेली आहे. कर्करोगाने सडलेल्या जबड्याचे चित्र दाखवले, की घाबरलेला माणूस तंबाखूऐवजी दवाखानाच सोडतो, हा अनुभव बऱ्याच दंतवैद्यांना आलेला असतो.

यानंतर दोन प्रश्न. पहिला : ‘‘सकाळी उठल्यावर पहिली चिमूट किती वेळाने?’’ अर्ध्या तासाच्या आत, असे उत्तर आले तर शरीराला निकोटिनची सवय पक्की झाली आहे असे समजायचे. टेम्पोचालक सांगतो, ‘‘चहाच्या आधी.’’ दुसरा प्रश्न : ‘‘येत्या महिनाभरात सोडायचा विचार आहे का?’’ इथे तीन प्रकारची उत्तरे येतात. ‘हो’ म्हणणाऱ्याशी लगेच दिवस ठरवायचा. ‘बघू’ म्हणणाऱ्याला त्याच्या मनात काय अडते ते विचारायचे आणि पुढच्या फेरीला पुन्हा तिथूनच सुरुवात करायची. ‘नाही’ म्हणणाऱ्याशी वाद घालायचा नाही. ‘‘ठीक आहे, पुढच्या वेळी पुन्हा विचारीन,’’ एवढे सांगून दाढेकडे वळायचे. त्याने विचार बदलला तर तो याच खुर्चीत सांगू शकेल, इतके दार उघडे राहिले पाहिजे.

आपला टेम्पोचालक म्हणतो, ‘‘सोडायची तर आहे हो डॉक्टर. दोनदा सोडली होती. चार दिवसांच्या वर टिकत नाही.’’

हे चार दिवस म्हणजे त्याच्या मनाचा कमकुवतपणा नव्हे. निकोटिन बंद झाल्यावर चिडचिड, बेचैनी, झोपमोड, डोके जड होणे, कामात लक्ष न लागणे हा त्रास पहिल्याच दिवसापासून सुरू होतो, पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. म्हणून डॉक्टर दिवस ठरवतात तो पुढच्या फेरीच्या हिशोबाने. रूट कॅनालची दुसरी फेरी एका आठवड्याने, मंगळवारी आहे, तर तंबाखू सोडायची रविवारी सकाळी. म्हणजे सर्वांत अवघड दिवस सुरू असतानाच रुग्ण पुन्हा खुर्चीत असेल.

तोवरची तयारी तीन ओळींत चिठ्ठीवर लिहून दिली जाते. शनिवारी रात्री टेम्पोच्या केबिनमधून, शर्टाच्या खिशातून आणि घरातून पुडी व चुन्याची डबी काढून टाकायची. बायकोला आणि रांगेतल्या दोन सोबत्यांना आधी सांगून ठेवायचे. आणि तलफ आली की पाच मिनिटे ढकलायची : पाणी प्यायचे, गाडीतून उतरून चालायचे, कुणाला तरी फोन करायचा. एकेक तलफ थोड्या मिनिटांत आपोआप खाली येते, हे आधी माहीत असलेला माणूस ती निभावून नेतो.

एवढ्यात ओठ बधिर झालेला असतो. डॉक्टर काम सुरू करतात.

निकोटिनचा च्युइंगम चघळायचा कसा

सकाळी चहाच्या आधी तंबाखू लागणाऱ्या माणसाला नुसत्या निर्धारावर सोडणे कठीण जाते. त्याच्यासाठी निकोटिनचा च्युइंगम असतो, २ मिलिग्रॅम आणि ४ मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत. सवय जास्त पक्की असेल तर ४ मिलिग्रॅमचा दिला जातो. अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना, गरोदर स्त्रियांना तो आधी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देत नाहीत.

हा च्युइंगम अयशस्वी ठरतो तो बहुतेक वेळा चुकीच्या चघळण्याने. नेहमीच्या च्युइंगमसारखा तो चावत राहिला, की निकोटिन एकदम सुटते, लाळेबरोबर पोटात जाते, उचकी लागते, घसा जळजळतो, मळमळते. दुसऱ्या दिवशी रुग्ण सांगतो, ‘मला मानवत नाही.’ खरी रीत वेगळी आहे. हळूहळू काही वेळा चावायचा, जिभेला मिरमिर जाणवली की थांबायचे आणि गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. मिरमिर गेली की पुन्हा थोडा चावायचा, मग पुन्हा ठेवायचा. असा एक च्युइंगम अर्धा तास चालतो. त्याआधी पंधरा मिनिटे आणि तो तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत घ्यायचे नाही, कारण आंबट आणि तशा पेयांनी निकोटिन तोंडात शोषले जात नाही. चहावर चहा घेणाऱ्या चालकासाठी हाच नियम पाळणे सर्वांत अवघड असतो, म्हणून तो आवर्जून सांगावा लागतो.

दातांच्या दवाखान्यात आणखी दोन गोष्टी सांगाव्या लागतात. उजव्या दाढेत तात्पुरते सिमेंट भरलेले आहे, च्युइंगमला चिकटून ते निघू शकते, तेव्हा त्या बाजूने चावायचे नाही. आणि च्युइंगम ठेवायचा तो चट्ट्याच्या जागी नाही, वेगळ्या जागी, म्हणजे तो चट्टा बरा होतो आहे की नाही हे स्पष्ट दिसेल. ज्याचे तोंडच नीट उघडत नाही किंवा दात हलतात, त्याला च्युइंगम जमत नाही. त्याच्यासाठी कातडीवर लावायची निकोटिनची पट्टी हा पर्याय असतो.

साधारण आठ ते बारा आठवड्यांत च्युइंगमची संख्या कमी करत तो बंद करायचा असतो. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. सिगारेट सोडणाऱ्यांमध्ये या औषधाचा फायदा जितका भक्कमपणे सिद्ध झाला आहे, तितका पुरावा चघळायच्या तंबाखूसाठी उपलब्ध नाही. म्हणून च्युइंगम हा आधार आहे, बोलण्याची जागा तो घेत नाही.

दुसरी, तिसरी, चौथी फेरी

मंगळवारी टेम्पोचालक येतो तेव्हा त्याचा तिसरा दिवस आहे. डोळे लाल, चिडलेला. मदतनीस केसपेपर बघून पहिलेच विचारते, ‘‘रविवारपासून किती वेळा घेतली?’’ ‘सोडली का?’ असे विचारले तर माणूस डॉक्टरांना बरे वाटेल असे उत्तर देतो. ‘किती वेळा?’ या प्रश्नात खरे बोलायला जागा असते. त्याने घेतलेली नाही. डॉक्टर सांगतात, ‘‘हा सगळ्यात वाईट दिवस आहे दादा. पुढचा आठवडा असा राहणार नाही.’’ भूल चढेपर्यंत च्युइंगम कसा चघळतो ते विचारून रीत दुरुस्त करून देतात.

आठवड्याने, तिसऱ्या फेरीला, दहाव्या दिवशी तो खाली मान घालून सांगतो की शुक्रवारी रात्री कशेळीच्या पुढे गोदामाच्या रांगेत एकदा घेतली. सोबत्याने मळलेली पुढे केली, हात आपोआप गेला.

इथे बरेच प्रयत्न संपतात. ‘तुटलंच आता’ असे म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी पुडी विकत घेतो. डॉक्टरांचे काम अशा वेळी हिशोब नीट मांडून दाखवण्याचे असते. आठ-दहा वेळांच्या हिशोबाने दहा दिवसांत ऐंशी-शंभर चिमटी झाल्या असत्या, त्याऐवजी एक झाली. मग एकच चौकशी : कुठे, कधी, कुणाबरोबर? उत्तर नेमके आहे, रात्रीची रांग. तेव्हा उपायही नेमका करायचा. रांगेत गाडी लावायच्या आधीच च्युइंगम तोंडात ठेवायचा, म्हणजे त्या तोंडात तंबाखू ठेवायला जागाच राहत नाही. सोबत्याला पुन्हा एकदा सांगायचे. खिशात भाजलेले चणे ठेवायचे, सुपारी नाही.

चौथी फेरी कॅप बसवायची, सुमारे तीन आठवड्यांनी. आता पुन्हा आरसा. चट्ट्याच्या कडा फिक्या झाल्या आहेत, मधली सुरकुती सपाट होत आली आहे. डॉक्टरांनी काही न बोलता रुग्णाने ते स्वतः पाहावे, इतका हा पुरावा उघड असतो.

पण हा आरसा उलटही बोलू शकतो, आणि तेव्हा त्याचे ऐकावे लागते. तंबाखू बंद होऊन दोन-तीन आठवडे झाले तरी चट्टा तसाच असेल, कडक लागत असेल, त्यात लाल भाग किंवा न भरणारी जखम असेल, तर वाट पाहायची नसते. त्या जागेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायचा असतो. तंबाखू सोडली म्हणून तपासणी टळत नाही.

मिश्रीवाल्या मावशींचा ‘नाही’

हाच क्रम वापरताना पहिल्याच पायरीवर कसे फसायला होते, याचे उदाहरण म्हणजे मिश्री. हिरड्या खाली सरकल्या, दातांच्या मुळाशी थंड पाणी झोंबते, म्हणून पन्नाशीच्या मावशी येतात. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नावर त्या ठामपणे ‘नाही’ म्हणतात, आणि त्या खोटे बोलत नसतात. मिश्री ही तंबाखू भाजून काळी करून कुटलेली पूड. मावशींच्या लेखी ती खायची वस्तू नाही, दात घासायची आहे. प्रश्न बदलून ‘‘मावशी, दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?’’ असा केला, की उत्तर येते : मिश्रीने, सकाळी, दुपारी जेवल्यावर आणि रात्री झोपताना. दात घासायला कुणालाच दिवसातून इतक्या वेळा मिश्री लागत नाही. लागते ते निकोटिन.

मावशींची अडचणही टेम्पोचालकापेक्षा वेगळी असते. ‘‘मिश्री लावल्याबिगर मला शौचाला होत नाही,’’ हे कारण दवाखान्यात पुन्हा पुन्हा ऐकू येते आणि ते हसून उडवण्यासारखे नाही. निकोटिन आतड्यांची हालचाल वाढवते आणि ते अचानक बंद झाल्यावर काही दिवस बद्धकोष्ठता होऊ शकते. हे आधीच सांगून सकाळी उठल्यावर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि फळ, गरज वाटली तर थोडे दिवस इसबगोल, एवढे सांगितले तर मावशींचे निम्मे भय जाते. बोटाला हिरडीवर फिरायची सवय असते, तिच्या जागी मऊ ब्रश आणि साधी पेस्ट द्यावी लागते. हिरड्यांच्या सफाईसाठी त्यांना दोन-तीन वेळा बोलावले जातेच. त्यांच्या पाठपुराव्याच्या फेऱ्या त्याच.

पुरावा काय सांगतो

तोंड तपासता तपासता तंबाखूविषयी बोलण्याची कल्पना बाहेरून आलेली नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता यांच्या पुढाकाराने दंत संशोधनाचा एक विभाग चालत असे. या गटाने पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडे तपासून १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे याच गटाने देशातल्या तीन जिल्ह्यांतील सुमारे ३६ हजार तंबाखू घेणाऱ्यांवर मोठा प्रयोग हाती घेतला. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात दंतवैद्य दरवर्षी त्याच माणसांकडे परत जात, तोंड तपासत आणि तंबाखू सोडण्याविषयी बोलत. जोडीला रेडिओ, वर्तमानपत्रे, चित्रपट यांचाही वापर होता. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच वर्षांचे निष्कर्ष आले. सल्ला मिळालेल्यांपैकी सुमारे ९ टक्क्यांनी तंबाखू सोडली होती. असा सल्ला न मिळालेल्या, आधीच्या पाहणीतील लोकांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. तोंडातील पांढरे चट्टे नव्याने येण्याचे प्रमाणही सल्ला मिळालेल्या गटात कितीतरी कमी होते.

२०२१ मध्ये वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कोक्रेन या संस्थेने दंतवैद्यांनी केलेल्या अशा प्रयत्नांचे २० अभ्यास एकत्र तपासले. एकाच भेटीतील समुपदेशनाचा कितपत फायदा होतो, याविषयी ठाम काही म्हणता आले नाही. अनेक भेटींत केलेल्या समुपदेशनाने मात्र तंबाखू सोडणाऱ्यांचे प्रमाण जवळपास दुप्पट झाले होते आणि जोडीला निकोटिनचे औषध दिले तेव्हा त्याहूनही वाढले होते.

दुप्पट झाले तरी बहुतेक जण पहिल्या प्रयत्नात सोडत नाहीत, हेही या आकड्यांतून दिसते. मात्र दंतवैद्याने बळ कुठे लावायचे, हेही त्यांतून कळते. पहिल्या दिवशी अर्धा तास भाषण देण्यापेक्षा चार फेऱ्यांत चार-चार मिनिटे बोललेले जास्त उपयोगी पडते.

कुठे बिनसते

सर्वांत जास्त निसटते ते शेवटचे पाऊल. विचारणे आणि सांगणे अनेक दवाखान्यांत होते, पण दाढ बरी झाली की रुग्ण येत नाही आणि विषय तिथेच थांबतो. यावर साधा उपाय म्हणजे सोडण्याचा दिवस पहिल्या नव्हे, तर दुसऱ्या फेरीच्या आसपास ठरवणे आणि शेवटच्या फेरीलाच तीन महिन्यांनंतरच्या तपासणीची तारीख देणे.

ज्याचे काम एका फेरीतच संपते, उदाहरणार्थ दात काढायला आलेला रुग्ण, त्याच्यासाठीही वाट आहे. दात काढल्यावर जखम भरेपर्यंत तंबाखू वर्ज्यच असते. रुग्ण ते तीन-चार दिवस पाळतोही. म्हणजे सर्वांत अवघड दिवस त्याने नकळत काढलेले असतात. ‘‘चार दिवस झालेच आहेत, आता पुढे चालू ठेवायचं का?’’ एवढे विचारणारा एक फोन पुरतो.

ज्या डॉक्टरांना इतकेही जमत नाही, त्यांच्यासाठी तीनच पायऱ्यांची रीत आहे : विचारा, सांगा आणि पुढे पाठवा. तंबाखू सोडण्यासाठी केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १८००-११-२३५६. तिचे एक केंद्र मुंबईत टाटा मेमोरियल सेंटरमध्ये आहे आणि समुपदेशक मराठीतही बोलतात. हा क्रमांक शोधावा लागत नाही. २०१८ पासून तो तंबाखूच्या पाकिटांवरच छापलेला असतो. क्रमांकाची चिठ्ठी खिशात देऊन रुग्णाला घरी पाठवण्यापेक्षा भूल चढत असताना त्याच्याच मोबाइलवरून तिथेच फोन लावून दिला, तर तो पहिला फोन नक्की होतो.

दुसरी चूक ओळखायला अवघड असते. तंबाखू सुटते आणि तिच्या जागी सुपारी येते. रुग्ण अभिमानाने सांगतो, ‘‘तंबाखू बंद, आता फक्त सुपारी.’’ पण सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नोंदवले आहे. गालाच्या आतील कातडी दोरीसारखी ताठ होऊन तोंड उघडेनासे होण्याचा जो आजार आहे, त्यामागे मुख्यतः सुपारीच असते. तंबाखूचा पांढरा चट्टा पुष्कळदा उतरतो, पण हा ताठरपणा एकदा आला की मागे फिरत नाही, सुपारी थांबवून तो वाढण्यापासून रोखता येतो इतकेच. घरी करण्यासारखी तपासणीही सोपी आहे. स्वतःच्या हाताची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का ते पाहायचे. जात नसतील तर दंतवैद्याला दाखवायचे. तिखट झोंबू लागणे ही त्याच्याही आधीची खूण असू शकते.

म्हणून तीन महिन्यांनी आपला टेम्पोचालक सफाईसाठी येतो, तेव्हा मदतनीस केसपेपरचा वरचा कोपरा पाहून एक नाही, दोन प्रश्न विचारते : ‘‘महिनाभरात तंबाखू किती वेळा घेतली? आणि तिच्या जागी काय घेता?’’ उत्तर लिहून झाल्यावर डॉक्टर दिवा खाली ओढतात, ओठ बाजूला करतात आणि आरसा त्याच्या हातात देतात.